घसरणीतला हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

23 मार्च 2020 या सोमवारी सकाळी बाजार उघडल्यानंतर थोड्याच वेळात निर्देशांक दहा टक्क्यांनी कोसळला आणि नियमाप्रमाणे व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाल्यावरही घसरण चालूच राहिली आणि दिवसअखेर निफ्टी 7,610 वर बंद झाला. जानेवारीच्या मध्यावर हाच निर्देशांक 12,362 वर होता. म्हणजे दोन-सव्वादोन महिन्यांत शंभर रुपयांचे साधारण बासष्ट रुपये झाले होते. म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपीने पैसे भरणाऱ्या घराघरांत तेव्हा एकच प्रश्न होता, की हा हप्ता आता चालू ठेवायचा की बंद करायचा?

या प्रश्नाचे उत्तर आकडे मांडूनच शोधलेले बरे. समजा, निफ्टीवर आधारलेल्या एका निर्देशांक फंडात दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी पाच हजार रुपये जात आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून फंडाच्या एका युनिटची किंमत निफ्टीचा शंभरावा भाग धरू आणि खर्च व लाभांश बाजूला ठेवू. जानेवारीअखेर युनिट सुमारे 120 रुपयांना होते, त्यामुळे पाच हजारांत जेमतेम बेचाळीस युनिटे आली. मार्चअखेर किंमत 86 रुपयांवर उतरली आणि तेवढ्याच पैशांत अठ्ठावन्न युनिटे मिळाली. एप्रिल, मे आणि जून या महिन्यांचे भाव होते अनुक्रमे सुमारे 98.60, 95.80 आणि 103 रुपये. मार्च ते जून या चार हप्त्यांचे वीस हजार रुपये भरणाऱ्याच्या खात्यात एकूण दोनशे नऊ युनिटे जमा झाली.

आता भीतीपोटी नेमके हेच चार हप्ते थांबवणाऱ्याचे पाहू. त्याचे वीस हजार बचत खात्यात सुरक्षित राहिले. नोव्हेंबरात निर्देशांक जानेवारीची पातळी ओलांडून गेला, तेव्हा त्याला धीर आला आणि महिनाअखेरीस सुमारे 130 रुपयांच्या भावाने त्याने ती रक्कम गुंतवली. त्याला मिळाली एकशे चोपन्न युनिटे. 31 डिसेंबरला युनिट जवळपास 140 रुपयांचे झाले, तेव्हा पहिल्याच्या त्या चार हप्त्यांचे मूल्य एकोणतीस हजारांच्या वर होते आणि दुसऱ्याचे साडेएकवीस हजारांच्या आसपास. पैसे दोघांचेही तेवढेच होते. फरक पडला तो पंचावन्न युनिटांचा, आणि ही युनिटे केवळ घसरणीच्या महिन्यांतच त्या भावाने मिळणार होती. धोका टळेपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्याला खात्री पटते तेव्हा भावही वर गेलेला असतो, ही खरी अडचण आहे.

मात्र या युक्तिवादाची मर्यादा स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. चालू ठेवलेला हप्ता नव्या पैशांना स्वस्त युनिटे मिळवून देतो, जुन्या शिलकीचे रक्षण करत नाही. ज्याच्या खात्यात दहा लाख जमले होते, त्याचे मार्चमध्ये सहा लाखांच्या आसपास राहिले आणि पाच हजारांच्या हप्त्याने त्या तुटीत जाणवण्याइतका फरक पडला नाही. म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम घसरण येण्याआधीच समभागांतून काढून ठेवीत नेलेली असावी लागते. शिवाय 2020 ची भरपाई आठ महिन्यांत झाली, हे सुदैव होते. जानेवारी 2008 मधली सेन्सेक्सची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. जपानच्या निक्केई निर्देशांकाला तर 1989 अखेरचा उच्चांक ओलांडायला 2024 साल लागले.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. वरचा हिशेब व्यापक निर्देशांकाचा आहे, एखाद्या कंपनीचा नाही. मार्च 2020 मध्येच येस बँक निफ्टीतून वगळली गेली आणि तिच्या जागी श्री सिमेंट आली. खालावलेली कंपनी अशी बाहेर पडते, म्हणून निर्देशांक सावरू शकतो. पडणाऱ्या एकाच शेअरमध्ये किंवा एकाच क्षेत्राच्या फंडात भरत राहणाऱ्याला हा आधार तितकासा नसतो, हे ध्यानात घेऊनच त्याने हप्त्याचा निर्णय घ्यावा.

ज्यांची नोकरीच गेली किंवा पगार निम्मा झाला, त्यांनी हप्ता थांबवण्यात काहीही गैर नाही. मात्र खात्यात शिल्लक नसताना हप्ता परत जाऊ देऊ नये, कारण बँक त्यासाठी दंड आकारते आणि लागोपाठ हप्ते चुकल्यास फंडसंस्था एसआयपी रद्द करते. अनेक फंडांत हप्ता काही महिन्यांपुरता स्थगित करण्याची किंवा लहान रकमेची नवी एसआयपी घेण्याची सोय असते. हप्ता थांबवला म्हणून जुनी युनिटे विकावी लागत नाहीत. हे दोन वेगळे अर्ज आहेत, आणि घाबरलेल्या मनाने दुसऱ्यावर सही करण्यापूर्वी ती रक्कम नक्की कधी लागणार आहे, ते कागदावर लिहून पाहावे.