‘पत्र वाचून फाडून टाकावे’

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे कुणी गेल्याचं पोस्टकार्ड यायचं, तेव्हा त्यावर एक ओळ ठरलेली असायची: ‘पत्र वाचून फाडून टाकावे’. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी ती वाचली असेल. लिहिणारा सूचना करायचा, पण फाडायचं काम वाचणाऱ्याचं. त्याने ते कार्ड कपाटात जपून ठेवलं, तर लिहिणाऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना, समोरच्याला तो एकदाच बघता यावा म्हणून, आपण जो गोलातला ‘१’ दाबतो, तो म्हणजे हीच ओळ आहे. फरक इतकाच, की फाडायचं काम माणसाऐवजी त्याच्या फोनमधलं अ‍ॅप करतं. पण फोन त्याचाच असतो. आज मला एवढाच मुद्दा नीट सांगायचा आहे. मी अ‍ॅपच्या सुरक्षा-चाचणीचं काम करते आणि याबद्दलचा गैरसमज मला रोज दिसतो.

आधी करूनच बघू. मी एका खोट्या ओळखपत्राचा फोटो तयार केलाय, त्यावर बारा आकडे आहेत. तो ‘१’ लावून पहिल्या रांगेतल्या काकूंना पाठवते. काकू, आता उघडा. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबा. बघा, स्क्रीनशॉट घेता येत नाही असं आलं. फॉरवर्ड करायला बाण नाही, स्टार करता येत नाही, गॅलरीत काही उतरलं नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं, तर त्या जागी काळा चौकोन येईल. आता मागे जा आणि परत उघडून बघा. उघडत नाही. मी पाठवणारी असूनही माझ्या चॅटमधून मलाही तो उघडता येत नाही. माझ्या गॅलरीतला मूळ फोटो मात्र जागच्या जागी आहे, हे लक्षात असू द्या.

हे सगळं खरंच काम करतं. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला एखादा पडदा ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर करता येतो. त्याला FLAG_SECURE म्हणतात. मग फोनची यंत्रणाच स्क्रीनशॉटला नकार देते. ही सोय २०२१ च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा स्क्रीनशॉटला अटकाव नव्हता. तो २०२२ मध्ये आला. न उघडलेला फोटो चौदा दिवसांनी आपोआप जातो. पण त्या मुदतीत समोरच्याने बॅकअप घेतला, तर न उघडलेला फोटो बॅकअपमधून परत आणता येतो. उघडलेला नाही येत.

आता दुसरा प्रयोग. काकूंना मी नवा फोटो पाठवते. काकू, उघडा आणि फोन टेबलावर सरळ ठेवा. हा माझा दुसरा फोन, वर्षभर वापरलेला, साधा. फूटभर अंतरावरून मी स्क्रीनचा फोटो घेते. झालं. बघा, थोड्या रंगीत लाटा उमटल्यात, कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक आली. पण बारा आकडे? शेवटच्या रांगेपर्यंत फिरवा हा फोन, सगळ्यांना वाचता येतील. माझ्या चॅटमध्ये फक्त ‘उघडला’ एवढंच दिसतंय, आणि समोरच्याने वाचल्याच्या निळ्या खुणा बंद ठेवल्या असत्या तर तेवढंही दिसलं नसतं. दुसरा कॅमेरा अडवणारी कोणतीही सोय या अ‍ॅपमध्ये नाही, कारण दुसरा फोन त्या अ‍ॅपच्या हद्दीतच येत नाही.

म्हणून भाडेकरार करून देणाऱ्या एजंटला आधारकार्ड ‘१’ लावून पाठवलं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याला ते आकडे कामासाठी लागतात, म्हणजे तो ते कुठेतरी उतरवून घेणारच. UIDAI च्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. जिथे चालत असेल तिथे तेच द्या. जो आकडा पाठवलाच नाही, त्याचा फोटो कुणाला काढता येणार नाही.

आता थोडं आत शिरू. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झेंगो या कंपनीतले सुरक्षा-संशोधक ताल बेरी यांनी एक गोष्ट उघड केली. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरवर ठेवतं, आणि पेटीचा पत्ता व किल्ली संदेशातून समोरच्याला देतं. ‘एकदाच बघा’ वाल्या फोटोचा संदेशही जवळपास तसाच होता. त्यात फक्त एक शेरा जास्त होता: `viewOnce: true`. हा शेरा वाचून अ‍ॅप शहाण्यासारखं वागायचं. कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅप वेबला असे फोटो दाखवायची परवानगीच नव्हती. तिथे ‘फोनवर उघडा’ असा संदेश यायचा. पण पत्ता आणि किल्ली त्या कॉम्प्युटरपर्यंतही पोचत होती. कुणी ब्राउझरमध्ये बदल करून `true` चं `false` केलं, की तोच फोटो साध्या फोटोसारखा उघडायचा, जतन व्हायचा, फॉरवर्डही व्हायचा. हे करून देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन तेव्हा आधीच फिरत होती. कंपनीने नंतर दुरुस्ती केली. म्हणजे ते भोक बुजलं. पण रचना तीच राहिली: किल्ली एकदा समोरच्याच्या यंत्रावर गेली, की पुढे काय होतं ते तिथलं सॉफ्टवेअर ठरवतं. फोन रूट केलेला असेल, म्हणजे त्याच्या यंत्रणेची बंधनं काढून टाकलेली असतील, किंवा अ‍ॅप बदललेलं असेल, तर आपली ओळ वाचायला तिथे कुणी नसतं.

आवाजाचं तर आणखी सोपं. २०२३ च्या डिसेंबरपासून व्हॉइस नोटलाही ‘१’ लावता येतो: माइक दाबून वर सरकवून रेकॉर्डिंग लॉक करा, मग ‘१’ दाबा. समोरच्याला ती एकदाच ऐकता येते. पण फोटोला निदान लाटा तरी येतात. आवाज स्पीकरमधून बाहेर पडला, की शेजारचा कुठलाही फोन तो टिपतो, आणि ती नक्कल ओळखण्याइतकी स्वच्छ असते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही बघा. मागे एक मुलगी माझ्याकडे आली होती. ओळखीतला एक माणूस तिला धमक्या देत होता, प्रत्येक वेळी ‘१’ लावलेल्या व्हॉइस नोटमधून. तिने पहिल्या तीन ऐकल्या आणि त्या गेल्या. तिच्याकडे उरलं काय, तर चॅटमध्ये ‘उघडला’ असे तीन शेरे, तारीख आणि वेळ. मला तिचा फार राग आला नाही, वाईट वाटलं, कारण कुणीच तिला आधी सांगितलं नव्हतं. चौथी आली तेव्हा तिने मला फोन केला. मी म्हटलं, उघडू नकोस, चौदा दिवस ती कुठे जात नाही. मग तिच्या मावशीला शेजारी बसवलं. मावशीच्या फोनवर व्हिडिओ सुरू केला, त्यात आधी चॅटमधलं नाव, मग प्रोफाइलवरचा नंबर, तारीख आणि न उघडलेला संदेश दिसू दिला, आणि मग न थांबवता ती नोट वाजवली. व्हिडिओ ज्या फोनमध्ये घेतला तो तसाच ठेवला, कापाकापी केली नाही, चॅटही पुसलं नाही. त्या आधीच्या तीन शेऱ्यांचे स्क्रीनशॉट घेता आले, कारण चॅटच्या यादीला अटकाव नसतो. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो मूळ फोन महत्त्वाचा. ती आणि मावशी तो फोन घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या.