बोलीतला मेनू कार्डावर उतरवताना

(यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हॉटेलवाले आणि डीटीपीवाले यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मेनूकार्डाचं काम आपल्याकडे येतं ते बहुतेक वेळा बोलण्यातून. मालक काउंटरवर बसून सांगतो, आपण वहीत उतरवतो. किंवा तो व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मजकूर धाडतो, त्यात पूर्णविरामसुद्धा नसतो. आज मी तसा एकच मजकूर घेतो आणि त्याचं कार्ड करून दाखवतो. खानावळ नागपूर-तुळजापूर रस्त्यावरची, आर्णीच्या आसपासची समजा. मालक असं सांगतात:

"भाऊ, सकाळी तर्री पोहे तीस, आलूबोंडा रस्सा तीस, नुसता आलूबोंडा घेतला त पंधरा. चहा दहा. जेवणात झुणका-भाकर साठ, पाटोडी रस्सा ऐंशी, डाळभाजी सत्तर, भरीत हिवाळ्यातच राहते, ते नव्वद. भाकर पंधरा, पोळी दहा, भात चाळीस. वडाभात शनिवार-रविवार, शंभर. सावजी चिकन हाफ दीडशे, फुल पावणेतीनशे, मटण हाफ सव्वादोनशे, फुल चारशे, अंडाकरी ऐंशी. थाळी एकशेवीस, त्याच्यात दोन भाज्या, दोन पोळ्या, वरण, भात. मठ्ठा वीस. अन् पाण्याची बाटली आहेच."

ऐकायला सगळं स्पष्ट आहे. पण हे टाइप करायला बसलात की हात अडखळतो. बोलण्यात एक शब्द मागच्या शब्दाचा आधार घेऊन उभा असतो. कार्डावरची प्रत्येक ओळ मात्र एकटी वाचली जाते.

उदाहरणार्थ, 'सावजी' हा शब्द मालकांनी चिकनला लावला, मटणाला लावला नाही. ऐकणाऱ्याला कळतं की मटणही सावजीच. कार्डावर नुसतं 'मटण' छापलं तर गिऱ्हाईक विचारणार, साधं का सावजी? म्हणून तो शब्द प्रत्येक ओळीत तरी हवा, नाहीतर विभागाच्या शीर्षकात. आणि अंडाकरी? तीही सावजी मसाल्याची का? हे आपण ठरवायचं नाही, मालकाला विचारायचं. आपल्या मालकांनी सांगितलं, "नाही, ती साधीच." मग 'सावजी' शीर्षकात टाकता येत नाही, चिकन-मटणाच्या नावातच ठेवावा लागतो.

तसंच झुणका-भाकरचं. साठ रुपयांत भाकरी किती? पुढे भाकर पंधरा म्हटलंय, ती वरची जास्तीची का वेगळी घ्यायची? उत्तर आलं की साठात दोन भाकरी येतात. भांडणं होतात ती इथंच, छपाईच्या शाईवरून नाही. पाण्याच्या बाटलीला मालकांनी दर सांगितलाच नाही. वीस असेल असं धरून आपण वीस टाकायचं नाही. रिकामी जागा ठेवा, फोन करा. मालक म्हणाले, "बाटलीवरची किंमत घेतो." झालं, तेच छापायचं.

आता आकडे. आपल्याकडे दर अजून सव्वा, दीड, पावणे, अडीच यांतच सांगतात. नव्या पोरांना संगणकावर बसवलं की पावणेतीनशेचे तीनशे पंचवीस होतात. 'पावणे' म्हणजे पाव कमी, म्हणून २७५. सव्वादोनशे म्हणजे २२५. दोन्ही वहीत उतरवतानाच आकड्यांत लिहून मालकाला परत वाचून दाखवावेत. शब्द वहीत ठेवून आकडा नंतर करू म्हटलं तर तो रात्री अकराला होतो आणि चुकतो.

विभाग पाडताना मालकाच्या क्रमाला धरून बसू नका. मालक आपल्या दिवसाच्या क्रमानं सांगतो, सकाळपासून रात्रीपर्यंत. रस्त्यावरून येणारा गिऱ्हाईक दुपारी दीड वाजता बसतो, त्याला पोहे नकोत, जेवण हवंय. तरी नाश्ता मी वरच ठेवतो, कारण तो छोटा विभाग आहे आणि लोकांना तशी सवय आहे. चहा मात्र नाश्त्यातून काढून मठ्ठ्याशेजारी नेतो, जेवून उठणाराही चहा शोधतो म्हणून. अंडाकरी मांसाहारात जाते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत अंडं मांसाहारी खुणेखालीच येतं, आणि शाकाहारी गिऱ्हाईकही तेच धरून चालतं. खूण छापायची तर शाकाहाराला चौकोनात हिरवा ठिपका, मांसाहाराला चौकोनात तपकिरी त्रिकोण. आधी दोन्हींना गोलच असायचा. त्रिकोणाचा फायदा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये कळतो: रंग गेला तरी आकार राहतो.

वेळेच्या अटी नावाला चिकटवून कंसात द्याव्यात. 'हिवाळ्यात' आणि 'शनि-रवि' हे पदार्थाबद्दल आहे, दराबद्दल नाही. दराजवळ टाकलं की वाटतं, हिवाळ्यात नव्वद आणि उन्हाळ्यात काहीतरी वेगळा भाव. थाळीत काय येतं ते नावाच्या खाली बारीक अक्षरात, आणि दर नावाच्याच ओळीत. वर्णनाच्या शेवटी दर लावलात तर वर्णन दुसऱ्या ओळीवर गेलं की दरही खाली घसरतो, आणि १२० कशाचे ते वरच्या नावाशी जुळवत बसावं लागतं.

इतकं झाल्यावर कार्ड असं दिसतं:

दर रुपयांत

नाश्ता

| पदार्थ | दर |
|:--|--:|
| तर्री पोहे | ३० |
| आलूबोंडा-रस्सा | ३० |
| आलूबोंडा | १५ |

जेवण

| पदार्थ | दर |
|:--|--:|
| थाळी | १२० |
| दोन भाज्या, दोन पोळ्या, वरण, भात | |
| झुणका-भाकर (दोन भाकरी) | ६० |
| पाटोडी रस्सा | ८० |
| डाळभाजी | ७० |
| भरीत (हिवाळ्यात) | ९० |
| वडाभात (शनि-रवि) | १०० |
| भात | ४० |
| भाकर | १५ |
| पोळी | १० |

मांसाहार

| पदार्थ | हाफ | फुल |
|:--|--:|--:|
| सावजी चिकन | १५० | २७५ |
| सावजी मटण | २२५ | ४०० |
| अंडाकरी | – | ८० |

चहा-मठ्ठा

| पदार्थ | दर |
|:--|--:|
| चहा | १० |
| मठ्ठा | २० |
| पाण्याची बाटली | छापील किंमत |

अंडाकरीच्या हाफखाली रेघ आहे. जागा मोकळी ठेवली असती तर वाटलं असतं की आकडा छापायचा राहिला. रुपयाची खूण प्रत्येक दरापुढे लावलेली नाही. वर एकदाच 'दर रुपयांत' लिहिलं की पुरे. ती खूण २०१० साली आली. आपल्याकडचे बरेच जुने फॉन्ट त्याआधीचे आहेत, त्यांच्यात ती नाहीच. पडद्यावर दिसते, आणि दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडली की रिकामा चौकोन येतो.

आता ज्यासाठी तुमच्यातले निम्मे आले असतील ते: दर एका रेषेत कसे आणायचे. मी अनेक दुकानांत पाहतो, नाव लिहिलं की स्पेसबार दाबत दाबत दर उजवीकडे ढकलतात. पडद्यावर जुळल्यासारखं दिसतं. कागदावर दर नागमोडी येतात. देवनागरीत हे जुळूच शकत नाही. 'झ' रुंद, 'र' अरुंद. 'पु' आणि 'प' यांची रुंदी सारखीच, कारण उकार खाली जातो आणि जागा घेत नाही. 'तर्री'मधला रफार वर बसतो. अक्षरं मोजून रुंदी कळत नाही, मग स्पेस मोजून ती भरणार कशी?

वर्डमध्ये उपाय साधा आहे. कागद ए-फाइव्ह घ्या, रुंदी १४.८ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड समास सोडला की मजकुराला ११.८ सेंटिमीटर उरतात. `Tabs` ची चौकट उघडा, जागा 11.8 cm लिहा, `Alignment` मध्ये `Right` निवडा, आणि `Leader` मध्ये दोन नंबरची ठिपक्यांची ओळ. मग नाव, एकदाच टॅब, आणि दर. टॅब एकदाच. दराची उजवी कड ११.८ वर टेकते, मग आकडा दोन अंकी असो का तीन अंकी. मधली जागा ठिपके आपोआप भरतात आणि नजर नावापासून दरापर्यंत न चुकता जाते. ठिपके हातानं टाइप करू नका, तिथंही तेच स्पेसचं दुखणं आहे.

मांसाहारात दोन दर, म्हणून दोन टॅब: हाफचा ९.५ वर, फुलचा ११.८ वर, दोन्ही `Right`. इथं ठिपके फक्त पहिल्याला. दोन दरांमध्ये ठिपके आले की गर्दी होते. 'हाफ' आणि 'फुल' ही शीर्षकंही त्याच टॅबांवर बसवायची, नजरेनं मध्यभागी नाही. नाहीतर शीर्षक एकीकडे आणि आकडा दुसरीकडे.

दुसऱ्यानं केलेली फाइल हातात आली तर दोन गोष्टी बघा. `Ctrl+Shift+8` दाबा. नाव आणि दराच्या मध्ये एकच बाण दिसला तर काम नीट आहे. बारीक ठिपक्यांची रांग दिसली तर ते स्पेस आहेत. नाहीतर सगळा मजकूर निवडून अक्षर एक-दोन पॉइंटनं मोठं करा. टॅबवाले दर जागचे हलत नाहीत, स्पेसवाले लगेच वाकडे होतात. मालक छपाईच्या आदल्या दिवशी "अक्षर थोडं मोठं करा ना" म्हणतोच, तेव्हा हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

हे सगळं छापील कार्डासाठी. व्हॉट्सअॅपवर मजकूर म्हणून पाठवायचा असेल तर रेषेत आणायचा नाद सोडा, तिथं टॅबचा उपयोग नाही. 'तर्री पोहे – ३०' असं सरळ लिहा, किंवा पीडीएफ पाठवा.

छापण्याआधीची तपासणी मी पदार्थ आणि दर अशी वेगवेगळी करतो. मालकाच्या मूळ बोलण्यात पदार्थ १८, कार्डावर १८. दर १९, कारण चिकन-मटणाचे दोन-दोन आणि बाटलीला आकडा नाही. कार्डावरही १९ आकडे. मग एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं कार्डावर बोट ठेवत जायचं. कार्ड वाचून मूळ मजकुराशी जुळवायला गेलात तर गाळलेला पदार्थ सापडत नाही, कारण तो कार्डावर नसतोच.

इथं मागून एका भाऊंनी विचारलं की मटणाचा भाव सारखा बदलतो, मग त्याचं काय. 'बाजारभावाप्रमाणे' लिहू नका, रस्त्यावरचा गिऱ्हाईक ते वाचून उठून जातो. मांसाहाराचा विभाग कार्डाच्या खालच्या अर्ध्यात ठेवा आणि तेवढी पट्टी वेगळी छापा. लॅमिनेशन करताना कार्डाला खाली प्लास्टिकचा खिसा ठेवायला सांगा, पट्टी त्यात सरकवा. भाव बदलला की पट्टी बदलायची, पूर्ण कार्ड नाही. पट्टीचेही दोन्ही टॅब ९.५ आणि ११.८ वरच ठेवा, म्हणजे ती खिशात गेल्यावर फुलचे दर वरच्या दरांच्या रेषेतच बसतील.