पंख, इंजिने आणि शेपूट: मुंबईच्या आकाशातील विमाने ओळखताना

(दृश्य: निळे आकाश. चौकटीत एकच पांढरे विमान, बाकी काहीही नाही.)

आकाशाच्या छायाचित्रात विमानाखेरीज सहसा काहीच नसते आणि ते ओळखण्यातली पहिली अडचण हीच असते. शेजारी झाड, इमारत किंवा माणूस नसल्यामुळे विमान केवढे आहे आणि किती उंचावर आहे, यांपैकी एकही गोष्ट चित्रावरून थेट कळत नाही. बोइंग ७३७-८०० हे विमान ३९.५ मीटर लांबीचे, तर बोइंग ७७७-३००ईआर हे ७३.९ मीटर लांबीचे आहे. दोन्हींचे पंख धडाच्या खालच्या बाजूला बसवलेले असतात आणि प्रत्येक पंखाखाली एकेक इंजिन असते. त्यामुळे मोठे विमान लहान विमानाच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असेल, तर चौकटीत दोघेही सारखीच जागा व्यापतात. ‘केवढे आहे’ हा प्रश्न म्हणून शेवटी विचारायचा; आधी विचारायचे ते पंख कोठे आहेत, इंजिने किती आहेत आणि शेपूट कशी आहे.

हा क्रम नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअरच्या स्वयंसेवकांना आपले विमान कोणते आणि जर्मन कोणते, हे काळ्या छायाकृतींवरून शिकवले जात असे. रंग आणि चिन्हे त्या अंतरावरून दिसत नसत, त्यामुळे भरवसा होता तो बाह्यरेषेवर. आज आपल्या हाती दूरवरचे टिपणारा कॅमेरा असला, तरी उजळ आकाशासमोरचे विमान चित्रात बहुधा काळवंडलेलेच येते.

(दृश्य: जुहू चौपाटी. उड्डाण केलेले विमान समुद्राकडे जात आहे.)

मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उड्डाण होत असेल, तेव्हा विमाने जुहूच्या बाजूने समुद्रावर जातात. येथून काढलेल्या चित्रात विमान बहुतेक वेळा खालून किंवा तिरक्या बाजूने दिसते, आणि पंख वर आहेत की खाली, हे ओळखण्याची कसोटी त्या कोनाप्रमाणे बदलते. बाजूने पाहताना खिडक्यांची रांग पाहावी. पंख वर असलेल्या विमानात ती रांग पंखाच्या खालून अखंड जाते. पंख खाली असलेल्या विमानात ती पंखाच्या वरून जाते आणि विमान खालून तिरके दिसत असेल, तर मधल्या काही खिडक्या पंखामागे झाकल्या जातात. खालून पाहताना खिडक्या दिसत नाहीत. तेव्हा पोटाकडे लक्ष द्यावे. पंख खाली असले की दोन्ही पंखांची मुळे पोटाखालच्या फुगीर आवरणात मिसळलेली दिसतात, आणि पंख वर असले की धडाची नळी नाकापासून शेपटीपर्यंत सलग दिसून पंख तिच्यामागून आल्यासारखे वाटतात. चित्र पूर्ण काळे असेल, तर मात्र खालून हा भेद कळत नाही. अशा वेळी चित्रातील गडद भाग थोडा उजळून पाहावा. पोटावरच्या सावल्या दिसू लागल्या, तर उत्तर मिळते.

नागरी वाहतुकीत वर बसवलेले पंख आणि प्रोपेलरची दोन इंजिने असे दिसले, की आपल्याकडे बहुधा ते एटीआर ७२ असते. पंख वर ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे: प्रोपेलरचा घेर मोठा असतो आणि पंख खाली असता, तर पाती जमिनीला लागू नयेत म्हणून चाकांचे पाय फार उंच करावे लागले असते. पण याच बांधणीचे दुसरे विमानही भारतात उडते, ते म्हणजे डॅश ८ क्यू४००. दोघांचे पंख वर, दोघांना दोन प्रोपेलर, प्रत्येकाला सहा पाती आणि दोघांच्याही शेपटीचा आडवा भाग उभ्या भागाच्या माथ्यावर, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा. आपले तिन्ही प्रश्न येथे सारखीच उत्तरे देतात. फरक सापडतो तो चाकांच्या जागेत. एटीआरची मुख्य चाके धडाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत शिरतात, म्हणून खालून त्याच्या पोटाशी दोन गाल आल्यासारखे दिसतात. क्यू४००ची चाके इंजिनांच्या आवरणात दुमडली जातात. त्यामुळे ती आवरणे लांबट होऊन पंखाच्या मागच्या कडेबाहेर डोकावतात आणि धड मात्र सडपातळ राहते.

हवाई दलाचे एएन-३२ याच घराण्यातले वाटते, पण त्याच्या शेपटीचा आडवा भाग खाली, धडाजवळ असतो, आणि त्याची इंजिने पंखाखाली लटकलेली नसून पंखाच्या वरच्या अंगाला बसवलेली असतात. ही दोन लक्षणे इतकी ठळक आहेत, की धूसर चित्रातही गोंधळ होऊ नये.

(दृश्य: मोठे मालवाहू विमान, त्यानंतर उंच आकाशात दोन पांढऱ्या रेषा.)

इंजिनांची संख्या सर्वांत सोपी वाटते, आणि चार इंजिने स्पष्ट दिसली तर ती सोपीच आहे. पंख वर, चार जेट इंजिने आणि टी आकाराची शेपूट असेल, तर भारतीय हवाई दलाचे सी-१७ किंवा आयएल-७६ यांपैकी एक, हे जवळजवळ ठरते. पंखांची टोके वर वळलेली असतील, तर सी-१७. पंख वर, चार प्रोपेलर आणि साधी शेपूट असेल, तर सी-१३०. पंख खाली आणि चार जेट इंजिने अशी प्रवासी विमाने मात्र आता विरळ झाली आहेत. एअर इंडियाचे शेवटचे बोइंग ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून निघून गेले.

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असेल, तर इंजिने दिसत नाहीत. त्यांच्या मागच्या पांढऱ्या रेषा दिसतात. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ अतिथंड हवेत गोठून त्या तयार होतात, म्हणून रेषा इंजिनाला चिकटून सुरू होत नाही. मध्ये थोडी मोकळी जागा राहते. मोजायचे ते या मोकळ्या जागेच्या लगेच मागे, कारण चार इंजिनांच्या चार रेषा पुढे एकमेकींत मिसळून दोनच उरतात. रेषांचा शेवट पाहून कोणी ‘दोन इंजिने’ म्हणाले, तर ते उत्तर धरू नये.

(दृश्य: दोन विमानांची चित्रे शेजारी शेजारी.)

खरा कस लागतो तो एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ यांच्यात, कारण मुंबईच्या आकाशातील बहुसंख्य विमाने या दोन कुळांतलीच आहेत. पंख खाली, दोन जेट इंजिने, शेपटीचा आडवा भाग खाली: येथपर्यंत दोन्ही एकच. कंपनीच्या रंगावर विसंबणेही धोक्याचे आहे. एअर इंडिया एक्सप्रेसच्या ताफ्यात दोन्ही कुळांतील विमाने आहेत. म्हणून शेपटीच्या उभ्या भागाची पुढची कड नीट पाहावी लागते. ७३७मध्ये ही कड धडावरून आधी बऱ्याच उताराने चढते आणि मग एका स्पष्ट कोनात मोडून वर जाते. ए३२०मध्ये असा मोड नसतो. मुळाशी लहानसे आवरण सोडले, तर कड जवळजवळ सरळ वर जाते.

खालून शेपटीचा उभा भाग दिसत नाही, पण तेथे ७३७ स्वतःच आपली खूण दाखवते. तिच्या मुख्य चाकांना पूर्ण झाकणारी दारे नाहीत. चाके आत घेतल्यावरही त्यांच्या बाहेरच्या बाजू पोटाच्या पातळीत उघड्याच राहतात आणि चित्रात पंखांच्या मुळांपाशी दोन काळी वर्तुळे उमटतात. ए३२०चे पोट दारे मिटून सपाट होते. जुहूसारख्या जागेवरून उड्डाणानंतरचे चित्र घेतले असेल, तर माझ्या मते ही खूण शेपटीपेक्षाही भरवशाची आहे. उतरणाऱ्या विमानात मात्र तिचा उपयोग नाही, कारण घाटकोपर-कुर्ल्यावरून येणाऱ्या विमानाची चाके आधीच बाहेर असतात. तेथे इंजिनाचे तोंड समोरून दिसले, तर पाहावे: ७३७च्या अनेक प्रकारांत ते खालून चपटे असते, कारण जमिनीलगत बसणाऱ्या या विमानाखाली पूर्ण गोल आवरणाला पुरेशी जागा नव्हती.

पंखांच्या टोकांवर फार भिस्त ठेवू नये. ७३७ मॅक्सचे टोक वर आणि खाली असे दुभंगलेले असते, ए३२०चे नवे टोक एकच आणि वर वळलेले असते, एवढे खरे. पण ७३७-८००च्या अनेक विमानांनाही वर वळलेले एकच टोक असते, आणि जुन्या ए३२०ला तर वर-खाली दोन्हीकडे डोकावणारे छोटे टोक असे.

(दृश्य: थेट डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे चित्र, त्यावर दोन मोजरेषा.)

आता समजा, पोट सपाट असल्यामुळे विमान ए३२० कुळातले हे ठरले. या कुळातील ए३१९, ए३२० आणि ए३२१ यांचे पंख सारखेच आहेत. वर वळलेल्या टोकांसह त्यांचा विस्तार ३५.८ मीटर भरतो. बदलते ते फक्त धड: अनुक्रमे ३३.८, ३७.६ आणि ४४.५ मीटर. अंतर ठाऊक नसले, तरी लांबीला पंखविस्ताराने भागल्यावर येणारा आकडा अंतरावर अवलंबून नसतो. तो ए३१९साठी ०.९४, ए३२०साठी १.०५ आणि ए३२१साठी १.२४ येतो. पडद्यावरील चित्रात नाकापासून शेपटीपर्यंत १,२६० पिक्सेल आणि पंखांच्या टोकांदरम्यान १,०२० पिक्सेल भरतात. भागाकार १.२४, म्हणजे हे ए३२१.

हे गणित विमान बरोबर डोक्यावर असतानाच चालते. तेच ए३२१ उभ्या रेषेपासून ३० अंश पुढे किंवा मागे असेल, तर त्याची लांबी चित्रात सुमारे तेरा टक्के आखूड दिसते, भागाकार १.०८ येतो आणि आपण त्याला निःशंकपणे ए३२० म्हणून मोकळे होतो. विमान एका बाजूला कललेले असेल, तर उलट पंखविस्तार आखूड होऊन धड लांब भासते. म्हणून मोजण्यापूर्वी इंजिनांकडे पाहावे. इंजिनाच्या पुढच्या तोंडातील पोकळी किंवा मागचे धुरांड्याचे वर्तुळ दिसत असेल, तर कॅमेरा सरळ खाली नव्हता. आणि दोन्ही पंखांची लांबी वेगवेगळी भरत असेल, तर विमान कललेले होते. अशा चित्रावरून ‘ए३२० कुळातील विमान’ एवढेच लिहावे आणि नेमका प्रकार ठरवण्यासाठी त्याच उड्डाणाचे पुढचे किंवा मागचे चित्र शोधावे.