ऑफिसमधल्या अरबी मित्राचं लग्न ठरलंय, मेसेज काय टाकायचा?

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यावर येतो. गल्फमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना वर्षातून एकदा तरी ही वेळ येते, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा ओमानी किंवा सौदी सहकारी लग्न करतो, ऑफिसच्या ग्रुपवर धडाधड अरबी मेसेज पडायला लागतात, आणि आपण आपलं 'काँग्रॅट्स ब्रो' टाकून मोकळे होतो. चालतं, कोणी रागवत नाही. पण दोन ओळी अरबीत टाकल्या ना तर त्या माणसाचा चेहरा बघा, आणि खरं सांगतो, त्यातले अर्धे शब्द तुम्हाला आधीपासून येतात.

सगळ्यात आधी मी काय गोंधळ घातला ते ऐका. मी मस्कतला नवीन होतो, नेटवर शोधलं आणि एक छान वाटणारी ओळ उचलली, 'बिर्-रिफा वल्-बनीन'. टाकली ग्रुपवर. आमच्या अकाउंट्समधले एक वयस्कर गृहस्थ हसत हसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, अरे, हे फार जुनं आहे, हे नको म्हणूस. मला कळेना, चूक काय झाली?

झालं असं की ही शुभेच्छा इस्लामच्या आधीपासूनची आहे. रिफा म्हणजे एकोपा, सांधलेपणा, आणि बनीन म्हणजे मुलगे. आणि गंमत बघा, हा रिफा ज्या धातूतून आलाय तो कापड सांधण्याचा धातू आहे, आपण शर्टाला रफू करतो ना, ते रफू त्याच घरातलं! म्हणजे 'तुमचा संसार सांधलेला राहो आणि मुलगे होवोत', आपल्या 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'च्या अगदी जवळचं. पण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींत, एक प्रसंग येतो, पैगंबरांचे चुलत भाऊ अकील इब्न अबी तालिब यांचं लग्न झालं तेव्हा लोकांनी हेच म्हटलं, तर ते म्हणाले असं नका म्हणू, पैगंबरांनी शिकवलंय तसं म्हणा. त्या जुन्या शुभेच्छेत देवाचं नाव नाही आणि फक्त मुलग्यांचीच इच्छा आहे, असं कारण विद्वान देतात. आजही काही लोक हे म्हणतात, पण बाहेरच्या माणसाने धार्मिक वृत्तीच्या सहकाऱ्याला हे पाठवू नये एवढंच.

मग म्हणायचं काय? (स्क्रीनवर बाजूला अरबीत दिसतंय, मी हळूहळू वाचतो.)

'बारकल्लाहु लक, व बारक अलैक, व जमअ बैनकुमा फी खैर.'

पैगंबरांचे सोबती अबू हुरैरा यांच्याकडून आलेली ही दुआ अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या हदीससंग्रहांत आहे आणि अरबी लग्नपत्रिकांवर, केकवर, स्टेटसवर सगळीकडे तुम्हाला हीच दिसेल. आता फोडून बघू. 'बारक' म्हणजे बरकत देवो, जी बरकत आपली आजी धान्याच्या कणगीबद्दल बोलते तीच. 'जमअ' म्हणजे एकत्र आणो, आपल्या जमाखर्चातला जमा. आणि 'खैर' तर आपण भांडताना वापरतो, 'आता तुझी खैर नाही', म्हणजे भलं नाही. तर अर्थ झाला, अल्लाह तुझ्यासाठी बरकत देवो, तुझ्यावर बरकत ठेवो, आणि तुम्हा दोघांना भल्यात एकत्र आणो.

यात 'बैनकुमा' हा शब्द लक्षात ठेवा, कारण चूक इथेच होते. अरबीला संस्कृतसारखं द्विवचन आहे. शाळेत 'युवाम्, युवयोः' पाठ करताना वैतागला असाल तेच इथे कामाला येतं, 'कुमा' म्हणजे तुम्ही दोघं. कुठेतरी 'बैनकुम' असं लिहिलेलं कॉपी कराल तर ते तीन किंवा जास्त लोकांचं झालं. नवरा-बायकोला म्हणताना दोघांचंच रूप हवं, हो ना?

आणि सहकारी बाई असेल तर? बोलताना 'लक'चं 'लकी' होतं आणि 'अलैक'चं 'अलैकी'. पण लिहिताना बदल दिसतच नाही, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, फक्त काफ, म्हणजे 'क'चं अक्षर दिसतं. म्हणजे टाईप केलेला मेसेज दोघांनाही चालतो, व्हॉइस नोट पाठवताना मात्र सांभाळा, बाईला 'लक' म्हणाल तर 'तू आला' म्हटल्यासारखं वाटेल.

आता पूर्ण मेसेज बांधू. समजा सहकारी पुरुष आहे, मुस्लिम आहे, तुमची रोजची ओळख आहे. पहिली ओळ 'अस्सलामु अलैकुम'. मग 'अखी अल्-अजीज', म्हणजे माझ्या प्रिय भावा, आणि पुढे त्याचं नाव, म्हणजे फलाणा, आणि हा फलाणासुद्धा अरबीच्या 'फुलान'वरून आलाय बरं का. मग 'अल्फ मबरूक', हजार अभिनंदनं. मग ती दुआ. संपलं. वाटलं तर शेवटी 'व रजककुमा अज्-जुर्रिय्या अस्-सालिहा', तुम्हा दोघांना गुणी संतती देवो. ही शेवटची ओळ घरोबा असेल तरच टाका, माझं मत आहे, नव्या ओळखीत लगेच मुलाबाळांवर जाऊ नये.

तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल की 'मबरूक' चुकीचं, 'मुबारक' बरोबर. हा वाद अरबांमध्येच आहे. भाषेचे काटेकोर लोक म्हणतात मबरूक हा 'बरक'वरून होतो आणि बरक म्हणजे उंट गुडघे टेकून बसणं, म्हणजे तुम्ही अभिनंदन करायच्या ऐवजी उंट बसवताय. रोजच्या बोलण्यात मात्र मबरूकच चालतं, बिनधास्त वापरा.

एक गोष्ट मात्र जपा. गल्फमधल्या पुष्कळ लग्नपत्रिकांवर नवरीचं नाव नसतं, 'अमक्यांची कन्या' एवढंच असतं. तेव्हा 'वहिनींचं नाव काय, फोटो टाक ना' असं ग्रुपवर विचारू नका, मेसेजमध्येही नाव घालू नका, 'बैनकुमा'मध्ये ती आलीच. त्याने आपणहून हॉलचा किंवा नवरदेवाच्या पोशाखाचा फोटो टाकला तर आधी 'माशाअल्लाह' लिहा, मग कौतुक, कारण नजर लागण्याची भीती तिथेही आपल्यासारखीच आहे.

वेळेचंही बघा. निकाहाचा करार, ज्याला तिकडे मिल्का किंवा मिल्चा म्हणतात, आधी होतो आणि जेवणावळीचा सोहळा कधी कधी काही महिन्यांनी. नुसतं लग्न ठरलं असेल तर 'अल्लाह यतम्मिम बि-खैर' म्हणा, म्हणजे सगळं भल्याने पार पडो. वरची दुआ करार झाल्यावर.

सहकारी लेबनानी किंवा इजिप्शियन ख्रिश्चन असेल तर हदीसमधली दुआ सोडा, 'अल्फ मबरूक, अल्लाह यसअिदकुम' पुरे, देव तुम्हाला सुखी ठेवो, रोजच्या बोलीत दोघांनाही 'कुम' चालतं. अल्लाह हा शब्द तेही वापरतात, अडचण नाही.

आणि उत्तर काय येईल? 'अल्लाह यबारक फीक', म्हणजे तुलाही बरकत मिळो. तुम्ही अविवाहित असाल तर सोबत 'उक्बालक' येईल, म्हणजे आता तुझा नंबर. आपल्याकडे मांडवात मावशी विचारते ना, अगदी तेच. त्यावर हसून 'इन्शाअल्लाह' लिहायचं आणि फोन खाली ठेवायचा.