मसालेभाताची वही

(मंडळाच्या पुण्यातल्या डिसेंबर मेळाव्यात नव्या अध्यक्षांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. सुट्टीत पुण्याला आलेले आपण सभासद, आणि ज्यांच्याकडे आपण बॅगा टाकून उतरलोय ते आई-बाबा, काका-काकू, सगळ्यांचे मनापासून आभार. माझी निवड बिनविरोध झाली. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. नावं सुचवत होते तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो. मावळत्या अध्यक्षताईंनी हिशोबाची फाइल इतकी चोख हातात दिलीय, की ती उघडतानाही दडपण येतं.

यंदा एकच गोष्ट करायची म्हणतोय. ती सुचली गेल्या गणपतीत. जेवायला १८० जण होते. भाताचा अंदाज ज्या काकांच्या डोक्यात असायचा, ते नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेले. काम माझ्याकडे आलं. मी घरचा हिशोब लावला, माणशी वाटीभर तांदूळ, आणि ३० किलो शिजवले. पानात पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा असताना माणूस भात घेणार किती? रात्री हॉल रिकामा करून द्यायची वेळ आली तरी पातेली भरलेली, आणि आम्ही डबे शोधतोय. काकांना फोन केला. म्हणाले, "अरे, इतके पदार्थ असले की किलोभर तांदूळ दहा जणांना पुरतो. अठरा किलो आणायचे. आधी विचारायचंस की!" मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

आमच्या पेठेतल्या मंडळात असं होत नसे. मोठ्यांच्या हाताखाली आधी दोऱ्या धरायच्या, मग वर्गणीला हिंडायचं, आणि कधीतरी मांडव आपल्या अंगावर पडायचा. आपल्याकडे मात्र तेच सातजण सगळं करतात, आणि एकजण गेला की त्याच्याबरोबर अंदाजही जातो.

म्हणून यंदा प्रत्येक कार्यक्रमाला दोन प्रमुख. एक जुना, दुसरा ज्याने ते काम कधीच केलेलं नाही असा. निर्णय नव्याने घ्यायचा, जुन्याने शेजारी उभं राहायचं. हे जुन्यांना जड जाईल, मला कल्पना आहे. कार्यक्रम झाला की आठ दिवसांत वहीत लिहायचं: किती आणलं, आणि मुख्य म्हणजे किती उरलं. महिनाभराने लिहिलं तर त्यात फक्त "बरंच उरलं" एवढंच येतं. चुका होतीलच, पण संक्रांतीच्या तिळगुळात झालेली चूक स्वस्तात पडते, म्हणून सुरुवात तिथून. पुढच्या गणपतीत ते सातहीजण पंगतीला बसलेले दिसले, तर जमलं म्हणायचं.

वर्गणी वाढवणार नाही. संक्रांतीसाठी नवं नाव मात्र मला आजच हवंय, जेवायच्या आधी. आणि काळजी नको, आजचा भात मी सांगितलेला नाही.