ब्रिटनचा तो बुधवार

१६ सप्टेंबर १९९२, लंडन. पडणारा पाउंड सावरायला सकाळी अकराला घोषणा झाली, व्याजदर १० टक्क्यांवरून १२. दुपारी सव्वादोनच्या सुमारास पुन्हा घोषणा, उद्यापासून थेट १५ टक्के. आणि एवढं करूनही पाउंड काही वर यायला तयार नाही.

ही वेळ आली कशी, ते बघूया.

ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिटनने युरोपच्या विनिमय दर व्यवस्थेत पाऊल ठेवलं आणि शब्द दिला की एक पाउंड म्हणजे साधारण २.९५ जर्मन मार्क, फार तर सहा टक्के खालीवर, म्हणजे २.७८ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पैसा देशाबाहेर न्यायला तर १९७९ पासूनच पूर्ण मोकळीक होती. म्हणजे फिक्स रेटही हवा आणि मोकळा पैसाही हवा. या दोन गोष्टी घेतल्या की तिसरी, स्वतःचा व्याजदर स्वतः ठरवायची सोय, हातातून जातेच, फक्त जर्मनी आणि ब्रिटनची गरज एकसारखी असेपर्यंत ते कुणाला टोचत नाही.

मग टोचायला लागलं. दोन जर्मनी एक झाले, सरकारचा खर्च वाढला, महागाई चढली आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बुंडेसबँकेने, व्याजदर वर नेले. इकडे ब्रिटनमध्ये मंदी, लोकांची घरं कर्जावर आणि बहुतेक कर्जं बदलत्या व्याजाची, त्यामुळे इथे दर खाली यायला हवे होते. पण ते खाली आणले तर लोक पाउंड विकून मार्क घेणार, कारण रेट तर ठरलेला आहे आणि व्याज तिकडे जास्त. ते विकलेले पाउंड बँक ऑफ इंग्लंडनेच उचलायचे, आपल्या साठ्यातली परकी चलनं देऊन. पाउंड ती छापू शकते हो, मार्क कुठून छापणार? माझ्या मते सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे.

सट्टेबाजांनी हेच ओळखलं. पाउंड पडला तर मोठा फायदा, नाही पडला तर किरकोळ तोटा. जॉर्ज सोरोसच्या फंडाने यात सुमारे एक अब्ज डॉलर कमावले. आणि मंदीत १५ टक्के व्याज सरकारला फार दिवस झेपेल, यावर बाजाराचा विश्वासच बसला नाही.

संध्याकाळी पावणेआठच्या आसपास अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉंट यांनी ब्रिटन या व्यवस्थेतून बाहेर पडत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दर परत १० वर, आणि जानेवारी १९९३ पर्यंत ६ वर, कारण आता पाउंडला धरून ठेवायचं बंधनच उरलं नव्हतं.

हॉंगकॉंगने मात्र १९८३ पासून अमेरिकी डॉलरशी ठरलेला फिक्स रेट सोडलेला नाही, पैसाही मोकळा ठेवलाय, आणि किंमत व्याजदरात मोजलीय. २०२२ मध्ये अमेरिकेने दर वाढवले तेव्हा हॉंगकॉंगची अर्थव्यवस्था आकसत होती, घरांच्या किमती पडत होत्या, तरी तिथला दर अमेरिकेच्या मागोमाग वरच गेला.