अर्धं तिकीट: लांबलेल्या पटकथेची काटछाट

(पटकथालेखन कार्यशाळेतल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पटकथा लांबली की निर्माता पहिल्यांदा विचारतो, पानं किती? एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, हा आडाखा आपण सगळेच वापरतो. पण तो कुरियर फाँटमध्ये, बारा पॉइंटात टाइप केलेल्या इंग्रजी पानावरून आलेला आहे. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तोच सीन दोन पानांचा पावणेतीन पानं होतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी घड्याळ लावून संपूर्ण पटकथा मोठ्याने वाचा. संवाद खऱ्या वेगाने वाचा, आणि कृतीच्या ओळींना तेवढा वेळ थांबा. कधीकधी लक्षात येतं की आपण जिला लांब म्हणत होतो ती पटकथा लांब नाहीच, ढिली टाइप केलेली आहे.

समजा, ती खरोखरच लांब आहे. १४६ पानं आहेत, ११८ वर आणायची आहेत. आज मी तुमच्यासाठी एक गोष्ट रचून आणलीय, तिच्यावरच काम करू.

दत्ताराम एसटीत कंडक्टर. कोकणातला मार्ग. गोष्ट ऐंशीच्या दशकात सुरू होते. त्याची सात वर्षांची मुलगी सुनंदा त्याच्याच गाडीत बसलेली. तो तिचं अर्धं तिकीट फाडतो आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून बॅगेत टाकतो. पुढे मुलगी मनाविरुद्ध लग्न करते, बापलेकीचं बोलणं तुटतं, आई जाते. मुलगी स्वतः कंडक्टर होते. शेवटी सत्तरीतला दत्ताराम तिच्या गाडीत चढतो. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला एसटीत अर्धं तिकीट. ती मशीनमधून तिकीट काढते, त्याच्या हातात ठेवते, आणि तो खिशात हात घालायच्या आत स्वतःच्या पर्समधले पैसे बॅगेत टाकते. दोघंही काही बोलत नाहीत.

हा सीन रडवायला हवा. तेव्हा काटछाट इथून, मागे मागे जात करायची. प्रश्न एकच: ती पैसे टाकते तेव्हा प्रेक्षकाला काय माहीत असायला हवं? पहिलं, बापाने हेच एकदा केलं होतं. दुसरं, मुलीला तेव्हा ते लागलं होतं. बापाच्या गाडीतही तिकीट काढावं लागतं, याची तिला लाज वाटली होती. तिसरं, मधे पुष्कळ काळ गेलाय. पहिल्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. नुसतं पहिलं असलं तर शेवट हुशार वाटतो, बस. रडवतं ते दुसरं.

आता मसुद्यात या धाग्याचे सहा सीन आहेत. लहानपणीचं तिकीट, अडीच पानं. तपासनीस गाडी थांबवतो आणि दत्तारामचा हिशेब चोख निघतो, अडीच. शेजारीण फुकट न्या म्हणते आणि भांडण होतं, तीन. नातेवाइकाच्या लग्नात एक काका सगळ्यांसमोर म्हणतो, "ह्याने पोटच्या पोरीचं पण तिकीट फाडलं!", सगळे हसतात आणि सुनंदा उठून मांडवाबाहेर जाते, दीड. निवृत्तीच्या सत्कारात साहेब प्रामाणिकपणावर भाषण करतात, अडीच. आणि शेवटच्या सीनच्या आदल्या रात्री सुनंदा सहकाऱ्याला लहानपणीची हकिकत सांगते, दोन. एकूण चौदा पानं.

तपासनीस, शेजारीण आणि सत्कार हे तिन्ही सीन एकच गोष्ट सांगतात: माणूस सचोटीचा आहे. ते आपल्याला पहिल्याच सीनमध्ये कळलं. म्हणून तिन्ही काढा. कागदावर हे सोपं आहे. गंमत पुढे होते. शेजारणीचा सीन काढला आणि वाचक म्हणू लागले, आईच्या मृत्यूचं काही वाटत नाही. तो सीन आईचा नव्हताच, मग असं का? तर भांडणाच्या मधेच, दाराआड उभी राहून आई पदर तोंडाला लावून हसत होती. संपूर्ण पटकथेत ती तिथेच एकदा हसली होती. ते हसू गेलं आणि मरायला उरली नुसती एक सोशीक बाई.

सीन कशासाठी लिहिला ते आपल्याला माहीत असतं. त्यात आणखी काय काय येऊन बसलंय ते आपण विसरलेलो असतो. म्हणून सीन काढण्यापूर्वी तो वाचून कागदावर लिहा: इथे कोण पहिल्यांदा दिसतं, कुठली वस्तू येते, कोण इथेच हसतं, चिडतं, गप्प बसतं. मग त्यातलं जे पुढे लागणार आहे ते राहिलेल्या सीनमध्ये हलवा. आईला आपण पहिल्या सीनमध्येच गाडीत बसवू. नवरा पोरीचं तिकीट फाडतो, पोरीचं तोंड फुगतं, आणि आई खिडकीकडे मान वळवून हसते. अर्धं पान वाढलं. पण आता तिकीट, मुलीचा राग आणि आईचं हसू एकाच जागी आलं, आणि सीन भांडणापेक्षा जास्त जिवंत झाला.

लग्नातला सीन ठेवायचा. निर्माता पहिल्यांदा नेमका तोच काढायला सांगेल, कारण त्यात कथानक पुढे सरकत नाही. पण मुलीची लाज चारचौघांत दिसते ती तिथेच.

आदल्या रात्रीची हकिकत मात्र निर्दयपणे काढा. लेखक ती ठेवतात कारण भीती वाटते, प्रेक्षक शंभर पानांपूर्वीचं विसरला तर? आठवण करून द्यायलाच हवी, पण शेवटाला इतकं खेटून आणि शब्दांत नको. तसं केलं तर प्रेक्षक पुढच्या सीनमध्ये बसलेला असतो उत्तर ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यासारखा. आपल्याकडे सत्तराव्या पानाच्या आसपास सुनंदाचा नोकरीचा पहिला दिवस आहेच. त्यात पाव पान घाला: एका लहान मुलीचं अर्धं तिकीट काढताना तिचा हात क्षणभर थांबतो. कुणी काही विचारत नाही. आठवण झाली, आणि त्या तिकिटाकडे ती आता दुसऱ्या बाजूने बघते आहे, हेही कळलं.

हिशेब करा. पहिला सीन तीन पानं, लग्न दीड, वर हे पाव. चौदाची पावणेपाच झाली. सव्वानऊ पानं एका धाग्यातून सुटली. बाकीची अशाच दुसऱ्या एखाद्या धाग्यातून आणि सीनच्या डोक्या-शेपटातून मिळतील: दार उघडणं, चहा विचारणं, निरोप घेणं. सरसकट प्रत्येक सीन थोडा थोडा कापायचा सल्ला मात्र मी देणार नाही. त्याने सगळे सीन सारख्याच घाईचे होतात आणि जिथे थांबायचं तिथेही कुणी थांबत नाही.

राहिली तिसरी गोष्ट, काळ. तिला सीन नसतो, म्हणून ती कापताना दिसत नाही. मधले सीन उडाले की सात वर्षांची सुनंदा आणि कंडक्टर सुनंदा एकमेकींना चिकटतात. हे तुम्हाला स्वतःला कळणार नाही, कारण काढलेले सीन तुमच्या डोक्यात अजून चालू असतात. जुना मसुदा वाचलेल्या मित्रालाही कळणार नाही. कोरा वाचक शोधा. त्याला आवडलं का, असं विचारू नका. विचारा, ती पैसे का टाकते? त्याने "बापाने टाकले होते म्हणून" एवढंच सांगितलं, तर लाजेचा धागा तुटलाय, लग्नाच्या सीनकडे जा. त्याने दोन्ही सांगितलं पण "जरा पटकन झालं" म्हणाला, तर काळ कमी पडतोय. तेव्हा काढलेले सीन परत आणू नका. सुनंदाच्या पहिल्या दिवसानंतर त्याच मार्गावरची दोन पावसाळ्यांची अर्ध्या पानाची, बिनसंवादाची जोड द्या आणि दुसऱ्या कोऱ्या वाचकाकडे पाठवा.